उरलेले दहा सेकंद

तलावाच्या काठावर भिंतीला टेकवून ठेवलेलं ते मोठं गोल घड्याळ किती वाजले हे सांगत नाही. त्याला तासकाटा नसतो. तबकडीवर एक ते बारा आकडेही नसतात. पाच, दहा, पंधरा असं करत माथ्यावर ६० येतात. एक लांब लाल काटा मिनिटाला एक फेरी मारत न थांबता सरकत राहतो. बऱ्याच घड्याळांत त्याच्या बरोबर समोर, तीस सेकंदांच्या अंतरावर, दुसऱ्या रंगाचा काटा असतो. लाल काटा खाली तळाशी असला की हा माथ्यावर असतो, त्यामुळे अर्ध्या मिनिटाने निघणाऱ्यालाही वरूनच निघता येतं. या घड्याळाला पोहणारे ‘पेस क्लॉक’ म्हणतात. ते कुणी चालू करत नाही आणि बंदही करत नाही. ते फिरत असतं. आपण कुठल्या आकड्यावर निघालो आणि कुठल्या आकड्यावर भिंतीला हात लावला, एवढंच लक्षात ठेवायचं असतं.

शेजारी फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं: १० × १०० फ्री, १:४० वर. म्हणजे फ्रीस्टाइलने शंभर मीटर दहा वेळा पोहायचं आणि प्रत्येक वेळी आधीच्या निघण्यापासून एक मिनिट चाळीस सेकंदांनी पुन्हा निघायचं. नवीन माणूस हमखास चुकतो तो इथे. त्याला वाटतं, एक-चाळीस हा पोहायचा वेळ आहे, किंवा मग शंभर मीटर पोहून तेवढी विश्रांती घ्यायची आहे. दोन्ही नाही. एक-चाळीसमध्ये पोहणं आणि थांबणं दोन्ही बसवायचं आहे. दीड मिनिटात पोहलात तर दहा सेकंद उरले. एक-पस्तीसमध्ये आलात तर पाच. एक-चाळीसमध्येच आलात तर भिंतीला हात लावून तसंच वळायचं. फळ्यावर विश्रांतीचा आकडा कुठेच नाही, कारण ती कोचने दिलेली नाही. ती जी काही उरेल ती.

इंटरव्हलवर पोहण्यातली सगळी खुबी मला या उरण्यात दिसते. ‘दर हंड्रेडनंतर पंधरा सेकंद थांब’ असं सांगितलं, तर दमलेला माणूस हळू पोहतो, तरी त्याला पंधरा सेकंद मिळतातच. त्याच्या हळू होण्याची किंमत कुणीच मागत नाही. एक-चाळीसवर मात्र प्रत्येक गमावलेला सेकंद पुढच्या थांब्यातून कापला जातो. दमल्यामुळे हळू झालात, म्हणून विश्रांती कमी मिळाली, म्हणून पुढचा हंड्रेड आणखी जड गेला. उलट, पहिल्यापासून अंदाज बरोबर ठेवला तर तेच दहा सेकंद शेवटपर्यंत मिळत राहतात. पोहणाऱ्याला स्वतःचा वेग किती कळतो याची परीक्षा घेणारी याहून सोपी रीत मला माहीत नाही.

आता हिशेब. समजा, लाल काटा ६० वर असताना निघालो. एक-चाळीसनंतर काटा ४० वर येतो, दुसरा हंड्रेड तिथून. आणखी एक-चाळीस झाले की एकूण तीन मिनिटं वीस सेकंद, काटा २० वर. त्यानंतर पाच मिनिटं पूर्ण, काटा पुन्हा ६० वर. साठ, चाळीस, वीस, साठ. निघायचा आकडा दर वेळी वीसने मागे सरकतो आणि तीन हंड्रेडमध्ये वर्तुळ पूर्ण होतं. म्हणून एक-चाळीस हा डोक्याला फार सोपा इंटरव्हल आहे. पोहताना डोक्यात फारशी जागा नसते. श्वास, वळण, पुढच्या माणसाचे पाय यांतच लक्ष असतं. मोजणी चुकली की पाचवा चालू आहे की सहावा, यावरून लेनमध्ये वाद होतात. एक-चाळीसवर घड्याळच मोजून देतं: पहिला, चौथा, सातवा आणि दहावा हे चारही साठवरून निघतात. वीसवरून निघालो असू, तर तो तिसरा, सहावा किंवा नववा असतो, दुसरा काही असूच शकत नाही.

पोहायला किती वेळ लागला हे काढायला थोडी अडचण येते, कारण साठवरून निघणं तीन हंड्रेडमध्ये एकदाच येतं. साठवरून निघून काटा ३० वर असताना हात लागला, तर एक-तीस. यात काही करायचं नाही. पण चाळीसवरून निघून काटा १० वर असताना आलो तर? दहातून चाळीस वजा होत नाहीत, मध्ये मिनिट ओलांडलेलं आहे, आणि धापा टाकताना ही वजाबाकी भल्याभल्यांना जमत नाही. त्यावर जुन्या पोहणाऱ्यांची युक्ती अशी की मागे बघायचंच नाही, पुढे बघायचं. पुढचं निघणं २० वर आहे, काटा १० वर आहे, म्हणजे दहा उरले. एक-चाळीसमधून दहा गेले, एक-तीस. उरलेले सेकंद आधी मोजायचे आणि वेळ त्यावरून काढायचा. यात मिनिटाचा घोळ होत नाही आणि हवा तो आकडा, म्हणजे किती थांबायचं आहे, तो सगळ्यात आधी हाती येतो.

पुण्यातल्या एका पन्नास मीटरच्या तलावावर सकाळच्या मास्टर्स बॅचमध्ये हा सेट पाहायला मी बसलो होतो. मास्टर्स म्हणजे वयाने मोठ्यांचा वर्ग. पण सुट्टीत कॉलेजची दोन-चार मुलंही त्यात पोहतात. शेजारच्या दोन लेनमध्ये दोघं एकाच वेळी साठवरून निघाले. एक पन्नाशीच्या आतबाहेरच्या बाई, ज्यांना कोच ‘मॅडम’ म्हणतात आणि मुलं ‘काकू’. दुसरा एकोणीस वर्षांचा मुलगा. खांदे रुंद, शाळेत असताना स्पर्धांमध्ये उतरलेला, मध्ये दोन वर्षं पाण्यापासून लांब. कोच काठावर पाटीवर आकडे टिपत होते. तीच पाटी नंतर मी उतरवून घेतली.

मुलगा पहिला हंड्रेड १:१७ मध्ये पोहला. काटा १७ वर, निघायचं ४० वर, म्हणजे तेवीस सेकंद उरले. त्याने गॉगल वर केला, पाणी प्यायला, शेजारच्याशी बोलला. दुसरा १:१९, उरले एकवीस. तिसरा १:२४, उरले सोळा. चौथा १:२९ आणि उरले अकरा. इथपर्यंत तो दर वेळी मॅडमच्या आधी भिंतीला लागत होता. पाचवा १:३४; काटा १४ वर, निघणं २० वर, फक्त सहा सेकंद. सहावा १:३८. हात लागला तेव्हा काटा ५८ वर होता आणि साठला निघायचं होतं. एक पूर्ण श्वाससुद्धा झाला नाही. सातव्याला त्याला १:४१ लागले. काटा ४१ वर होता, निघायची वेळ एका सेकंदाने निघून गेली होती. तो लेनच्या दोरीवर हात टाकून उभा राहिला.

मॅडमची पाटी वेगळी होती: १:२९, १:२९, १:३०, १:३०, १:३०, १:३१, १:३०, १:३१, १:३१ आणि शेवटचा १:२९. दर वेळी नऊ, दहा किंवा अकरा सेकंद उरले. गॉगलला हात नाही, बोलणं नाही. भिंत, दोन-तीन खोल श्वास, घड्याळाकडे एक नजर, आणि पाय भिंतीवर. दहावा संपला तेव्हा पहिल्या निघण्यापासून सोळा मिनिटं एकोणतीस सेकंद झाले होते; त्यात हजार मीटर पोहणं झालं आणि सगळी मिळून जेमतेम दीड मिनिट विश्रांती.

मला या दोन पाट्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या वाटतात. पहिल्या सहा हंड्रेडची बेरीज केली तर मुलगा मॅडमपेक्षा एकूण अठरा सेकंदांनी पुढे होता. त्याची सरासरी १:२७ होते, म्हणजे इंटरव्हलमध्ये तेरा सेकंद सहज शिल्लक. एवढ्या वेगाने तो दहाही पुरे करू शकला असता, असं कोचचं म्हणणं. “अरे, तुला पहिल्या दोनमध्ये मिळून चव्वेचाळीस सेकंद विश्रांती मिळाली. ती साठवून नाही ठेवता येत,” ते त्याला म्हणाले. “पुढच्या वेळी तेरा उरले पाहिजेत. पंधरा उरले तर तू जास्त जोरात आलास असं समज.” मुलगा म्हणाला, “पण सर, तेव्हा एकदम हलकं वाटत होतं.” कोच म्हणाले, “पहिल्याला सगळ्यांनाच वाटतं. म्हणून तर घड्याळ बघायचं.”

तेवीस सेकंद थांबूनही ते त्याच्या कामी का आले नाहीत, याचं कारण शरीरात आहे. भिंतीवरून जोरात निघालं की पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा स्नायूंत तयार साठ्यातून येते. प्राणवायू घेण्याची गती लगेच वाढत नाही. ती हव्या त्या पातळीला पोचायला मिनिट-दोन मिनिटं जातात. मधली तूट शरीर प्राणवायूशिवाय साखर जाळून भरून काढतं, आणि वेग जितका जास्त तितकी ती तूट मोठी. थांबल्यावर तयार साठा पटकन भरू लागतो, अर्ध्या मिनिटात साधारण निम्मा. पण दुसऱ्या मार्गाने स्नायूंत जी आम्लता साचते, ती वीस-तेवीस सेकंदांत जात नाही, तिला कित्येक मिनिटं लागतात. म्हणून मुलाला दर वेळी भिंतीवर बरं वाटायचं आणि पुढच्या हंड्रेडच्या दुसऱ्या पन्नासात हात जड व्हायचे. साठा भरू लागला होता, कर्ज मात्र फिटलेलं नव्हतं.

मॅडमच्या दहा सेकंदांचं काम वेगळं. एवढ्या थोड्या वेळात प्राणवायू घेण्याची गती खाली उतरून बसत नाही. पुढचा हंड्रेड ती वर असतानाच सुरू होतो, त्यामुळे तूट फार पडत नाही. त्या दहा सेकंदांत श्वास सावरतो, खांद्यांवरचा ताण मोकळा होतो, आणि हजार मीटर सलग पोहताना जो हात सहाशेनंतर घसरायला लागला असता, तो दहाव्या हंड्रेडलाही नीट पडतो. थांबणं इतकं लहान असावं की हृदयाला आणि फुप्फुसांना सलग काम केल्यासारखंच वाटावं, आणि इतकं मोठं असावं की हाताची ठेवण बिघडू नये. मध्यम जोराच्या सेटसाठी ते दहा-पंधरा सेकंदांच्या आसपास येतं.

थांबण्याला महत्त्व देणारी ही विचाराची रीत पाण्यातून आलेली नाही, ती धावपट्टीवरून आली. जर्मनीत व्होल्डेमार गेर्शलर हा प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइन्डेल हा हृदयाचा डॉक्टर मिळून धावपटूंवर काम करत होते. त्यांच्या रीतीत धावण्याचा तुकडा नाडी मिनिटाला १८० च्या आसपास नेईल असा असायचा. मग ती १२० वर उतरायला जास्तीत जास्त नव्वद सेकंद. तेवढ्यात नाडी उतरली नाही, तर तुकडा फार जोराचा किंवा फार लांबीचा होता असं ते मानत. हृदयावर खरा परिणाम या थांबण्याच्या काळात होतो, अशी त्यांची धारणा होती. गेर्शलरच्या हाताखालच्या रुडॉल्फ हार्बिगने १९३९ मध्ये मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून जो विश्वविक्रम केला, तो सोळा वर्षं टिकला.

पाण्यात ही रीत आणताना एक साधी अडचण होती. धावपटू स्वतः नाडी मोजू शकतो, कोच त्याच्या बाजूने चालू शकतो. पोहणाऱ्याचं डोकं पाण्यात असतं, आणि एका कोचच्या हातात एकच स्टॉपवॉच. आठ लेन, प्रत्येकीत पाच माणसं, अशा चाळीस जणांना कधी निघायचं आणि किती वेळ लागला हे कोण सांगणार? काठावर सगळ्यांना दिसेल एवढं एकच घड्याळ लावलं की हा प्रश्न सुटतो, प्रत्येक जण आपला आपण मोजतो. याचं श्रेय अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाचे जेम्स काउन्सिलमन आणि ऑस्ट्रेलियात फोर्ब्स कार्लाइल या दोघांच्या नावे सांगितलं जातं. काउन्सिलमन म्हणजे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदकं जिंकणाऱ्या मार्क स्पिट्झचे विद्यापीठातले कोच. दोघेही शरीरशास्त्राचा अभ्यास करून काठावर उभे राहिलेले. कोचची नजर हाताच्या फेकीकडे मोकळी झाली आणि वेळेची जबाबदारी पोहणाऱ्यावर आली, हा या घड्याळाने केलेला मोठा बदल.

आता आपला इंटरव्हल कुठला, हा प्रश्न. मॅडमना एक-चाळीसच का दिला, हे मी कोचना विचारलं. त्यांनी आदल्या महिन्यातल्या चाचणीचं पान दाखवलं. नीट वॉर्म-अप करून आधी चारशे मीटर, जमेल तितक्या जोरात पण सम वेगाने; मग मनसोक्त आराम, हळू पोहणं, आणि पुन्हा तसंच जोर लावून दोनशे. मॅडमचे चारशे ५:५२ चे आणि दोनशे २:५२ चे. दोन्ही वेळांतला फरक तीन मिनिटं. हे तीन मिनिटं जास्तीच्या दोनशे मीटरचे, म्हणून शंभरला १:३०. या वेगाला ‘क्रिटिकल स्विम स्पीड’ म्हणतात, आणि पोहण्यात तो मांडला जपानच्या कोजी वाकायोशी यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. नुसती चारशेची सरासरी घेतली असती तर १:२८ आली असती. वजाबाकी यासाठी की, लहान अंतरात सुरुवातीचा जो प्राणवायूविना जोर असतो तो दोन्हींमध्ये असतो आणि वजा होऊन जातो. जे उरतं तो बराच वेळ टिकवता येईल असा वेग.

त्या १:३० वर दहा सेकंद धरले, झाला एक-चाळीस. हेच पान दुसऱ्या कामासाठी दुसरा इंटरव्हल देतं. कोचना मॅडमकडून १:२४ चे हंड्रेड हवे असतील तर ते एक-चाळीसवर टाकणार नाहीत. दोन मिनिटांवर टाकतील, छत्तीस सेकंद उरतील, आणि दहाऐवजी पाच-सहाच करायला सांगतील. सैल पोहून फक्त हाताकडे लक्ष द्यायचं असेल तर एक-पन्नास. इंटरव्हल आणि पोहायचा वेग हे दोन आकडे एकत्र सांगितले तरच सेट पुरा होतो. नुसतं ‘एक-चाळीसवर दहा’ म्हटलं की काय होतं, ते मुलाच्या पाटीवर दिसलंच.

चाचणी फसते ती बहुतेक दोनशेमुळे. चारशे पोहून माणूस नीट सावरला नाही आणि दोनशे हळू गेले, तर फरक लहान येतो आणि निघणारा वेग खोटा जलद दिसतो. मॅडमचे दोनशे दमून २:५८ चे झाले असते, तर उत्तर १:२७ आलं असतं. तो वेग चारशेच्या सरासरीपेक्षाही जलद, आणि बराच वेळ टिकवायचा वेग चारशेच्या वेगाहून जलद असू शकत नाही. असा आकडा निघाला की चाचणी चुकली हे तिथेच ओळखायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायची.

पाण्यातल्या चुका आणखी साध्या असतात. एका लेनमध्ये पाच जण असले की सगळे साठवरून निघत नाहीत. पहिला साठवर, दुसरा पाचवर, तिसरा दहावर. दुसऱ्याचं वर्तुळ मग साठ-चाळीस-वीसचं राहत नाही, ते पाच, पंचेचाळीस, पंचवीस असं होतं. पुष्कळ जण निघतात पाचवर आणि वेळ वाचतात साठपासून, त्यामुळे पाच सेकंदांनी हळू झाल्याचं वाटून उगाच जोर लावतात. त्याहून वाईट म्हणजे पाचचे हळूहळू तीन होणं. पुढचा निघाला की मागच्याला राहवत नाही, तो त्याच्या पायांना चिकटून निघतो. पुढच्याने पाणी कापलेलं असतं, मागच्याला सोपं जातं, आणि पाटीवर त्याचा वेळ चांगला दिसतो. स्वतः पुढे निघाल्यावर तोच वेग टिकत नाही. म्हणून त्या बॅचला कोच दर तीन हंड्रेडनंतर पुढचा माणूस मागे पाठवतात. एक-चाळीसवर हे साठवरूनच होतं, त्यामुळे वेगळं सांगावं लागत नाही.

काही तलावांवर दोन्ही टोकांना एकेक घड्याळ असतं, आणि वीज जाऊन आली की दोघांचे काटे जुळत नाहीत. पन्नास मीटरच्या तलावात शंभर मीटरनंतर आपण निघालो त्याच भिंतीला येतो, म्हणून हंड्रेडला अडचण नाही. पण पन्नासचे सेट करताना एका टोकाला निघून दुसऱ्या टोकाला पोचायचं, आणि तिथलं घड्याळ चार सेकंद पुढे असलं तर एक पन्नास वाईट, पुढचा झकास, पुन्हा वाईट, असे आकडे येतात. असं एकाआड एक दिसलं की आपल्याला दोष न देता आधी दोन्ही घड्याळं एकदम बघावीत. शिवाय काटा तिरकस बघितला की सेकंदाचा फरक पडतो. कडेच्या लेनमधला माणूस १:२९ आणि १:३० यांवरून खंत करत असेल, तर त्याला एवढंच सांगावं लागतं की हे घड्याळ एका सेकंदाच्या आत भांडायचं साधनच नाही.

तलावाची लांबी विसरणं ही मात्र मोठी चूक आहे. पंचवीस मीटरच्या तलावात शंभर मीटरला तीन वळणं, पन्नासच्या तलावात एकच. प्रत्येक वळणाला भिंतीवरून मिळणारा धक्का पोहण्यापेक्षा वेगवान असतो, म्हणून लहान तलावात सर्वसाधारण पोहणारा शंभरला दोन-तीन सेकंद आधी येतो. सोसायटीच्या पंचवीस मीटरच्या तलावात एक-चाळीसवर दहा उरवणारा माणूस पन्नास मीटरच्या तलावावर आला, की त्याच इंटरव्हलवर त्याला सात-आठच उरतात, आणि त्याला वाटतं आपली तयारी घसरली. अमेरिकेतल्या पुस्तकांतून उचललेल्या सेटचं तर विचारूच नका. तिथले बरेच तलाव पंचवीस यार्डांचे, आणि शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. त्यांचा एक-चाळीस आपल्या मीटरमध्ये, नुसत्या अंतराच्या हिशेबानेच, १:४९ होतो. तो जसाच्या तसा फळ्यावर लिहिला की अख्खी लेन चौथ्या हंड्रेडला बसते, आणि कुणाला कारण कळत नाही.

आपल्याकडच्या पुष्कळ सार्वजनिक तलावांवर पेस क्लॉक नसतंच. भिंतीवर बॅचची वेळ पाळायला जे साधं घड्याळ टांगलेलं असतं, त्याचा सेकंदकाटा चालतो, फक्त आकडे वाचताना बाराच्या जागी साठ, आठच्या जागी चाळीस आणि चारच्या जागी वीस म्हणायचं. एक-चाळीसचं वर्तुळ मग बारा, आठ, चार असं होतं, आणि ते लांबूनही दिसतं. मनगटावरच्या घड्याळापेक्षा मी हे बरं मानतो. भिंतीला हात लावून दुसऱ्या हाताने बटण दाबायला गेलं की उरलेल्या दहांतले दोन-तीन सेकंद त्यातच जातात, आणि शेवटचा स्ट्रोक दर वेळी बटणाच्या बेताने आखडतो.

इंटरव्हल चुकला तर काय करायचं, यावर कोचांत मतभेद आहेत. काही जण म्हणतात, तसंच पुढे जायचं, जमेल तेवढं. मला पटतं ते त्या सकाळी मुलाला सांगितलं ते. सातवा चुकल्यावर कोचनी त्याला आठवा सोडायला लावला, एक पूर्ण फेरी भिंतीवर उभं केलं, आणि शेवटचे दोन पुन्हा एक-चाळीसवरच, पण १:३० ने पोहायला सांगितले. नववा १:३१ आणि दहावा १:३० झाला. चुकल्यावर इंटरव्हल सैल केला असता, तर वेग सांभाळायचा सराव तिथेच सुटला असता. हंड्रेड सोडल्याने वेग तोच राहिला, फक्त संख्या कमी झाली.

मॅडमना कोचनी पुढच्या महिन्याचा बेत लिहून दिला आहे. पहिले चार एक-चाळीसवर, मधले चार एक-पस्तीसवर, शेवटचे दोन पुन्हा एक-चाळीसवर. वेग सगळीकडे १:३०. पाच सेकंद काढून घेतले की वर्तुळ बदलतं. एक-चाळीसचे चार झाले की काटा ४० वर येतो आणि पाचवा तिथून निघतो. मग पुढची निघणी १५, ५०, २५ आणि साठ अशी. सहावा पंधरावर, सातवा पन्नासवर, आठवा पंचवीसवर, नववा साठवर, दहावा चाळीसवर. सबंध सेट एक-पस्तीसवर केला तर निघायचा आकडा दर वेळी पस्तीसने पुढे जातो आणि बारा हंड्रेड झाल्याशिवाय साठवर परतत नाही, त्यामुळे मोजणीला घड्याळाची मदत उरत नाही. मॅडमनी ते चार आकडे पाण्यात न विरघळणाऱ्या पेनाने हातावर लिहून आणायचं ठरवलं होतं. कोच म्हणाले, “हातावर नको मॅडम, हात पाण्यात असतो. पाणी प्यायच्या बाटलीवर लिहा आणि बाटली भिंतीवर ठेवा.”